तेवीस किलो सातशे ग्रॅम

शेरेबहीत लाल शाईनं लिहिलेलं ते वाक्य अजून तसंच आहे. "तांदूळ २३.७ कि.ग्रॅ. जास्त आढळला. मुख्याध्यापकांनी तीन दिवसांत खुलासा करावा." खाली सही, शिक्का. हिशेब मात्र कुठेच नाही, नुसतं उत्तर. परीक्षेत मुलानं असं नुसतं उत्तर लिहिलं तर मी निम्मे गुण कापते.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. मुख्याध्यापकांची जागा रिकामी, म्हणून कोठीची किल्ली आणि पोषण आहाराचा साठा माझ्याकडे. एक ऑगस्टला सकाळी तालुक्याहून साहेब तपासणीला आले. चुली पेटायच्या होत्या, म्हणजे कोठीत असलेला तांदूळ ही सरळ जुलैअखेरची शिल्लक. मावशींनी दोन्ही पोती काट्यावर चढवली. एक शिवलेलं, एक फोडलेलं. साहेब मोठ्यानं वाचत गेले, "पन्नास सहाशे... सत्तेचाळीस चारशे... अठ्ठ्याण्णव." मग साठा नोंदवही उघडली, मोबाइलवर बोटं फिरवली, आणि म्हणाले, "बाई, शिल्लक चौऱ्याहत्तर किलोच्या आसपास पाहिजे. जास्तीचा आला कुठून?"

बाहेरच्या माणसाला वाटेल, जास्त आहे ना, मग बरंच झालं. तसं नसतं. कमी भरला तर घरी नेला म्हणतात, जास्त भरला तर त्याहून वाईट. जास्त म्हणजे वहीत दाखवली तेवढी मुलं जेवलीच नाहीत, हजेरी फुगवली. नाहीतर मुलांच्या ताटात कमी वाढलं. मावशींना हे माझ्याआधी कळलं. त्या तिथंच म्हणाल्या, "साहेब, माझं पातेलं बघा, उरतं का काय!" साहेबांनी पातेलं बघितलं नाही.

मीही काही बोलले नाही. धीर नव्हता हे खरं, पण हातात उत्तर नसताना तोंड उघडायचं नाही एवढं नोकरीत शिकलेय. (त्याच वेळी शेऱ्याचा फोटो काढून घ्यायला हवा होता. मी काढला तो दुसऱ्या दिवशी. तुम्ही लगेच काढा, वही कधी कुणाच्या टेबलावर जाऊन बसेल सांगता येत नाही.)

संध्याकाळी सगळे गेल्यावर वही घेऊन बसले. पहिली शंका स्वतःवरच. जुलैची सुरुवातीची शिल्लक ४१.३ किलो, आलेली सहा पोती म्हणजे ३०० किलो. एकूण ३४१.३. शिजवण्याचे दिवस २४. पहिली ते पाचवीची चोवीस दिवसांची जेवणारी मुलं मिळून १५१२, सहावी-सातवीची ६२४. पाचवीपर्यंत मुलामागं १०० ग्रॅम तांदूळ, सहावीपासून १५०. म्हणजे लहानांना १५१.२ किलो, मोठ्यांना ९३.६, एकूण २४४.८. शिल्लक ९६.५. वहीत तेच होतं. हातानं केलं, कॅल्क्युलेटरवर केलं, मग खालून वर बेरीज केली. तीच.

मग साहेबांचे चौऱ्याहत्तर कुठले? माझं गणित चौथ्यांदा तपासण्यात अर्धा तास गेल्यावर सुचलं, की आपलं सोडून त्यांचं तपासावं. उत्तर दिलेलं आहे, रीत शोधायची आहे. ९८ मधून २३.७ वजा केले की ७४.३, ही त्यांच्या मते असायला हवी ती शिल्लक. ३४१.३ मधून ७४.३ गेले की २६७. म्हणजे महिन्यात २६७ किलो शिजायला हवा होता असं त्यांचं म्हणणं. माझ्यापेक्षा २२.२ किलो जास्त.

आधी वाटलं एखादा दिवस जास्त धरला असेल. पण आमच्याकडे दिवसाला सरासरी दहा किलो दोनशे ग्रॅम लागतो, दोन दिवस जास्त धरले तरी वीस किलो चारशेच होतात. बसेना. मग वाटलं पटावरची मुलं धरली असतील, हजर नव्हेत. पट ९२, चोवीस दिवसांचे २२०८ होतात, त्या हिशेबानं वापर थोडाच वाढतो, बावीस किलो नाही. मग सगळ्यांनाच १५० ग्रॅम लावलेत का ते पाहिलं. ते तर तीनशेवीस किलोवर गेलं. लाईट गेली. मोबाइलच्या उजेडात पुन्हा तीच पानं.

शेवटी वैतागून सरळ भागाकार केला. एकूण जेवणारी मुलं १५१२ अधिक ६२४, म्हणजे २१३६. दोनशे सदुसष्ट किलोचे ग्रॅम केले, २,६७,०००, आणि २१३६ नं भागलं.

१२५. बाकी शून्य.

निःशेष भाग गेला की माणूस ताठ बसतो. चोरीत किंवा वजनातल्या चुकीत आकडा असा गुळगुळीत येत नाही, कुठेतरी दशांश लोंबतोच. बाकी शून्य म्हणजे कुणीतरी खरोखरच १२५ नं गुणलं होतं. शंभर आणि दीडशेची सरासरी काढली, सव्वाशे, आणि ती सगळ्या मुलांना लावली. झालं.

ही सरासरी चालली असती, दोन्ही गटांत मुलं सारखी असती तर. आमच्याकडे रोज जेवायला लहान त्रेसष्ट आणि मोठी सव्वीस. पाचवीच्या वर्गाला सांगायचं तर असं: दोन लहान आणि एक मोठा जेवायला बसला. शंभर, शंभर, दीडशे, साडेतीनशे ग्रॅम. सव्वाशेनं केलं तर तीनशे पंचाहत्तर. तीन ताटांत पंचवीस ग्रॅम हवेतले. आमच्याकडे लहान मुलं दुपटीहूनही जास्त, म्हणून महिन्याच्या दोन हजारांवर ताटांत हवेतले बावीस किलो दोनशे ग्रॅम होतात, आणि ते बाईंच्या माथी. लहान मुलं जितकी जास्त, तितका हा खोटा जास्तीचा तांदूळ मोठा. फक्त चौथीपर्यंतची शाळा असती तर साहेबांनाही सव्वाशे सुचले नसते. पहिली ते सातवी असलेल्यांनी मात्र हे लक्षात ठेवा.

पण २३.७ मधले २२.२ सुटले, दीड किलो राहिलाच. वहीत ९६.५, काट्यावर ९८. हा फरक साहेबांच्या गणितातला नव्हता, कोठीतला होता. खरं सांगायचं तर इथे मी घाबरले. मोठी चूक त्यांची निघाली आणि लहान माझी, तर बोलणार लहानीबद्दलच.

मग आठवलं ते "पन्नास सहाशे". शिवलेलं पोतं, शिलाई शाबूत, आणि वजन पन्नास सहाशे? आत तांदूळ पन्नास असतो. वरचं वजन बारदानाचं! किल्ली घेऊन कोठीत गेले. आपल्याच कोठीत बॅटरी घेऊन चोरासारखी. जुलैत आलेल्यांपैकी रिकामी झालेली चार पोती घडी करून ठेवलेली होती. एकटं पोतं काट्यावर टाकलं तर आकडा एकदा पाचशे, एकदा सातशे, हलत राहतो. म्हणून चारही एकदम ठेवली. दोन किलो चारशे. पोत्यामागं सहाशे ग्रॅम. काट्यावर पोती दोन होती, म्हणजे बारदान एक किलो दोनशे.

उरले तीनशे ग्रॅम. सातवीची दोन ताटं बरोबर तीनशे ग्रॅमची होतात. मनात येऊन गेलं, एखाद्या दिवशी दोन मुलं जेवायच्या आधी घरी गेली असं दाखवलं की सगळं शून्य. पेन्सिल हातात होती. नाही केलं. एकतर रोजची संख्या पोषण आहाराच्या एमडीएम ॲपवर गेलेली असते, तिथे आता काही फिरवता येत नाही. आणि महिनाभर रोज दहा किलो तोलणाऱ्या मावशींचा हिशेब तीनशे ग्रॅमनं चुकणं हेच खरं दिसणं आहे. ग्रॅमला ग्रॅम जुळलेल्या वहीवर मीच विश्वास ठेवला नसता. खुलाशात तसंच लिहिलं: उर्वरित ०.३ कि.ग्रॅ. वजनातील किरकोळ फरक.

खुलासा अर्ध्या पानाचा केला. "आपली चूक" हा शब्द कुठेही नाही. दोन गट, दोन रकाने, दोन गुणाकार, खाली बेरीज. शेवटी एकच ओळ: "सर्व लाभार्थ्यांना सरासरी १२५ ग्रॅम धरल्यास वापर २६७.० कि.ग्रॅ. येतो, गटनिहाय धरल्यास २४४.८." ज्याला कळायचं त्याला कळतं.

तालुक्याला दोन खेपा वाया गेल्या. टेबलावरचे भाऊसाहेब म्हणे, "बाई, खुलाशात गणित नसतं. 'यापुढे दक्षता घेईन' लिहा आणि सुटा." सुटले असते, पण दक्षता घेईन म्हणजे आधी घेतली नव्हती हे मीच लिहून दिल्यासारखं. आवक नंबर देईनात, साहेब फिरतीवर. तिसऱ्या दिवशी, मुदतीच्या शेवटच्या दुपारी, मी तिथल्या बाकावरच बसून राहिले. पोच घेतल्याशिवाय उठू नका. नाहीतर नंतर 'मुदतीत खुलासा नाही' हा वेगळाच शेरा येतो.

चारला साहेब आले. उभ्या उभ्या वाचलं. शेवटच्या ओळीशी थांबले. खिशातून पेन काढलं, कागदाच्या कडेला काहीतरी गुणलं, खोडलं, पुन्हा गुणलं. मी छताच्या पंख्याकडे बघत होते.

"बारदान वजा केलं नव्हतं होय," ते म्हणाले.

"हो साहेब. एक किलो दोनशे."

"ते बघायला पाहिजे होतं." कागद भाऊसाहेबांकडे सरकवला. "आवक करा."

सव्वाशेबद्दल एक अक्षर नाही. पुढच्या भेटीत शेरेबहीत निळ्या शाईनं आलं, "खुलासा मान्य." का मान्य, ते नाही. वही उघडणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला आधी लाल ओळ पडते, मग तो माझ्याकडे बघतो, मग पान उलटून निळी शोधतो. खुलाशाची झेरॉक्स मी त्याच पानाला टाचून ठेवलीय, पोच नंबरसकट.

मावशींना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग तांदूळ जास्त होता का नव्हता?"

"तीनशे ग्रॅम होता."

"तेवढा तर सांडतो," म्हणाल्या आणि कोठीत जाऊन झाडू मारायला लागल्या.