खानापूरच्या पावसात टिकलेलं कैरीचं लोणचं

माझं माहेर अथणीकडचं, सासर खानापूरचं. जिल्हा एकच, पण हवा अगदी वेगळी. अथणीत जूनमध्येसुद्धा ऊन तापलेलं असतं. खानापुरात मृगाचा पाऊस धरला की कणकुंबी-जांबोटीच्या बाजूने ढग उतरतात, आणि गणपतीपर्यंत भिंतींचा ओलावा काही जात नाही. आईच्या हातचं लोणचं माहेरी वर्षभर राहायचं. सासरी मात्र श्रावण लागला की बरणीत वर पांढरा बुरा दिसायचा. सगळे म्हणायचे, खानापूरच्या हवेला लोणचं टिकत नाही. मला ते पटत नव्हतं, कारण समोरच्या घरातल्या कानडी अक्कांची बरणी याच हवेत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चांगली राहत होती.

अक्कांकडे मी मुद्दाम त्यांच्या लोणच्याच्या दिवशी जाऊन बसले. मसाला आमच्यासारखाच, मोहरी थोडी कमी. फरक एका ठिकाणी होता. आमच्याकडे फोडींना मीठ-हळद लावून रात्रभर ठेवतात आणि सकाळी सुटलेलं पाणी ओतून देतात, पाण्यानेच लोणचं नासतं म्हणून. मी तसं बोलून दाखवलं तर अक्का म्हणाल्या, "अगं, ते पाणी टाकू नको की. मीठ सगळं त्यातच हाय."

घरी येऊन मी हिशेब केला. दोन किलो फोडींना 300 ग्रॅम मीठ लावलं की सकाळपर्यंत साधारण 300 ते 400 ग्रॅम पाणी सुटतं. ते नुसतं पाणी नसतं, तो खार असतो. 350 ग्रॅम खार ओतला तर त्याबरोबर निदान 50 ग्रॅम मीठ जातं, म्हणजे घातलेल्या मिठाचा सहावा हिस्सा, आणि कैरीचा आंबटपणाही जातो. लोणचं टिकवणाऱ्या दोन्ही गोष्टी मोरीत जायच्या. फोडीच्या आतलं पाणी मात्र तिथेच राहतं, आणि त्याच्या वाट्याला आता कमी मीठ उरतं. अथणीच्या कोरड्या हवेत तेवढं मीठ पुरून जातं. खानापुरात बुरशीला बाकी सगळं आयतं मिळत असताना ते पुरत नाही.

म्हणून आता मी जसं लोणचं घालते तसं सांगते, दोन किलो फोडींच्या हिशेबाने.

तयारी मे महिन्यातच होते, वळीव जोर धरायच्या आधी. चिनी मातीची बरणी गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात दोन दिवस पालथी-उताणी करते आणि तोंडाला दादरा बांधून कपाटात ठेवते. जूनमध्ये धुतलेली बरणी पुसून कोरडी वाटते, पण कडेच्या आतल्या बाजूला ओल राहतेच. तिखट आणि मोहरीची डाळ बेळगावच्या रविवार पेठेतून आणते आणि तीही त्याच उन्हात वाळवते. तिखटात दोन भाग ब्याडगी रंगाला, तर एक भाग संकेश्वरी झणझणीतपणाला.

कैरी लोणच्याची रायवळच हवी, घट्ट आणि करकरीत आंबट. नखाने दाबून खड्डा पडला तर ती पिकायला लागलेली समजावी. तिच्यात साखर वाढलेली असते, फोड मऊ पडते आणि खार फसफसायची भीती असते. बेळगावात गणपत गल्लीत कैरी घेतली की बाजारातच अडकित्त्याने फोडून देतात. मी फोडून घेत नाही. त्यांचा अडकित्ता दिवसभर ओला असतो, आणि फोडलेली कैरी धुता येत नाही. घरी आणून अख्ख्या कैऱ्या धुते, देठाकडचा चीक निथळू देते, एकेक पुसून पंख्याखाली ठेवते आणि मगच फोडते. आतली बी आणि बीवरचा पातळ पापुद्रा काढला की फोडींचं वजन करायचं. हे वजन महत्त्वाचं, कारण पुढचं सगळं माप त्यावर आहे.

मीठ वाटीने कधीच मोजत नाही. जाड्या मिठाची वाटी आणि बारीक मिठाची वाटी यांच्या वजनात बराच फरक पडतो, शिवाय पावसाळ्यात मीठ ओल धरतं. मी जाडं मीठ कढईत तडतडेपर्यंत भाजते, गार झालं की कुटते आणि काट्यावर 300 ग्रॅम घेते. किलोला 150 ग्रॅम. पहिल्यांदा सासूबाईंना हे फार वाटलं. "खारट होईल गं," म्हणाल्या. पहिले पंधरा दिवस लोणचं खारट लागतंही. मग मीठ फोडीच्या आत जातं, मोहरी चढते, आणि ते खारटपण जाणवेनासं होतं.

मीठ आणि दोन मोठे चमचे हळद फोडींना चोळून स्टीलच्या पातेल्यात झाकून रात्रभर ठेवते. अल्युमिनियम किंवा पितळ चालत नाही, आंबट खाराने भांडं खाल्लं जातं. सकाळी फोडी चाळणीत उपसून खार खाली धरून ठेवते. फोडी जुन्या स्वच्छ धोतरावर, एकावर एक येणार नाहीत अशा पसरते आणि वरून पंखा लावते. ऊन नसतं, त्यामुळे संध्याकाळ होते. फोड किती वाळवायची याची खूण अशी: वर्तमानपत्राचा कपटा फोडीवर दाबला तर त्याच्यावर ओला डाग पडू नये. फोड सुरकुतलेली मात्र नको, नाहीतर वातड होते.

तोवर खार उकळते. खळखळून पाच मिनिटं उकळला की त्यातले फसफस सुरू करणारे सूक्ष्मजीव मरतात, थोडं पाणी उडतं आणि मीठ मात्र सगळं राहतं. वर येणारा फेस काढून टाकते. मग पातेल्यावर ताट न ठेवता जाळीचं झाकण ठेवून पूर्ण गार करते. ताट ठेवलं तर वाफेचे थेंब परत खारात पडतात. गार खारातला निम्मा खार घालून 150 ग्रॅम मोहरीची डाळ मिक्सरमध्ये फेसते, नाकात झणका जाईपर्यंत. उरलेला खार मसाला कालवताना घालते. थेंबही टाकत नाही.

तेल शेंगदाण्याचं, घाण्यावरचं, एक लिटर. ते धूर दिसेपर्यंत तापवते, गॅस बंद करून जरा निवलं की त्यात दोन चमचे मेथीदाणे तळून काढते आणि दोन चमचे हिंग घालते. मेथी कुटून मसाल्यात जाते. तेल रात्रभर गार होऊ देते. घाईने कोमट तेल ओतलं तर बरणीत वाफ धरते, झाकणाखाली पाणी साचतं आणि तेच थेंब लोणच्याच्या माथ्यावर पडतात. बुरशीला तेवढी जागा पुरते.

दुसऱ्या सकाळी फोडी, फेसलेली मोहरी, 120 ग्रॅम तिखट, मेथी आणि खार कोरड्या हाताने कालवून बरणीत दाबून भरते, मध्ये पोकळी राहू नये म्हणून. वरून पाऊण लिटर तेल. उरलेलं पाव लिटर बाटलीत राखून ठेवते, आणि हे राखलेलं तेलच पुढे कामाला येतं. मोहरीची डाळ तेल पिते. भरताना फोडींवर बोटभर तेल दिसतं आणि आठवड्याने पाहावं तर वरच्या फोडी उघड्या पडलेल्या असतात. बुरशीला हवा लागते. तेलाखाली ती वाढत नाही, वर डोकावणाऱ्या फोडीवर मात्र पहिल्यांदा तिथेच धरते. म्हणून पहिला महिना दर तीन-चार दिवसांनी बरणी उघडून कोरड्या पळीने फोडी खाली दाबते आणि फोडींवर अर्धं बोट तेल उभं राहील इतपत भर घालते. पुढे तेल एका पातळीला स्थिरावतं.

बरणी चुलीजवळ किंवा माठाजवळ नको, आणि बाहेरच्या भिंतीलाही टेकवायची नाही. आमच्याकडे ती माजघरात लाकडी पाटावर असते. रोजचं लोणचं छोट्या काचेच्या बरणीत काढते. मोठी बरणी पावसाने उघडीप दिलेल्या दिवशीच उघडते, धो-धो पडत असताना नाही.

बुरा दिसला म्हणजे लगेच घाबरायचं नाही, आधी तो काय आहे ते पाहायचं. कडेला कडक पांढरे कण असतील तर चमच्यात घेऊन गरम पाण्याचा थेंब टाकावा. विरघळले तर ते मीठ. वर पातळ, सुरकुतलेली, सायीसारखी पांढरी पापडी असेल आणि वास दारूसारखा येत असेल, तर ते किण्व, म्हणजे यीस्ट आहे. ते स्वतः फार अपाय करत नाही, पण लोणच्यातली आंबटाई खातं आणि मागून येणाऱ्या बुरशीला वाट करून देतं. अगदी सुरुवातीला, वास बदलायच्या आत दिसलं, तर मी वरचा थर आसपासच्या फोडींसकट काढते, गार केलेलं तेल वाढवते आणि ती बरणी आधी संपवते. आणि केसाळ, कापसासारखी, हिरवी, निळसर किंवा काळी बुरशी दिसली तर पूर्ण बरणी टाकायची. वरचा भाग काढून उरलेलं खायची आमच्याकडे जुनी सवय होती, ती मी मोडून काढली. बुरशी दिसते वर, पण तिने सोडलेलं विष खारातून खाली गेलेलं असू शकतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, चवीलाही कळत नाही.

सासऱ्यांना रक्तदाब आहे. त्यांच्यासाठी किलोला 60 ग्रॅम मिठाचं लोणचं वेगळं घालते. त्या मिठावर लोणचं बाहेर टिकणार नाही हे धरूनच चालते. अर्धा किलोच्यावर करत नाही, पहिल्या दिवसापासून फ्रिजात ठेवते आणि महिन्याभरात संपवते.