गच्चीवरून

रामनवमीला बाराच्या ठोक्याला पाळणा हलतो आणि तो फोटो आमच्या पेपरात दरवर्षी माझ्याकडेच असतो. इंदूरमध्ये मराठी फोटोग्राफर असलात की रामजन्म, गणपती आणि दत्तजयंती तुमच्या वाट्याला येणारच. 30 मार्च 2023 ला मी जुन्या वस्तीतल्या एका राममंदिरात पाळण्यासमोर गुडघे टेकून बसलो होतो. फ्लॅश बंद, बायकांच्या हातात गुलाल. पाळणा हलायच्या आधीच खिशातला फोन थरथरला. स्नेहनगरजवळ पटेल नगरात मंदिराची फरशी खचली, माणसं विहिरीत पडलीत. मंदिरात विहीर कुठली, असं मी विचारलंसुद्धा. सुंठवड्याचा द्रोण तसाच बॅगेत कोंबून निघालो.

साधी विहीर नव्हती, बावडी होती, पायऱ्यांची. बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात हवन चाललं होतं आणि भक्त ज्या फरशीवर बसले होते तिच्याखाली ती जुनी बावडी होती. वर लोखंडी गर्डर, त्यावर काँक्रीटचा थर, त्यावर गुळगुळीत फरशी. बसणाऱ्यांतल्या कितीकांना तर माहीतही नसेल. मी पोहोचलो तेव्हा शेजारपाजारचे लोक दोर आणि शिड्या टाकून माणसं वर ओढत होते. यंत्रणा नंतर आली. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत यंत्रणाच जास्त दिसली.

पोलिसांनी गल्ली बंद केली तेव्हा मी समोरच्या एका घराच्या गच्चीवर होतो. आमच्या धंद्यात जागा मिळाली की अर्धं काम झालं. त्या गच्चीवरून 70-200 लेन्सने बावडीचं तोंड, जवान, बॅरिकेडमागची गर्दी, सगळं मिळत होतं. कोणाला धक्का न मारता, कोणाच्या तोंडासमोर कॅमेरा न धरता. टीव्हीची पोरं खाली माइक घेऊन ‘कसं वाटतंय’ विचारत फिरत होती आणि मला मनातून बरं वाटत होतं, की आपण तसे नाही.

पाचच्या सुमारास बॅरिकेडला धरून उभी असलेली एक बाई लेन्समध्ये आली. पदर तोंडात, डोळे बावडीकडे, मागे सगळं धूसर. मी सात-आठ फ्रेम घेतल्या. तिने मला पाहिलं नाही, पाहणं शक्यच नव्हतं. लांब लेन्सचा हाच फायदा म्हणतात. छोट्या लेन्सला माणसाच्या चार फुटांवर जावं लागतं आणि तिथे तो माणूस मान फिरवू शकतो, हात आडवा धरू शकतो, ‘नको’ म्हणू शकतो. माझ्या गच्चीवर तिचं ‘नको’ पोहोचणार नव्हतं.

फोनवरून चौदा फोटो पाठवले. प्रत्येकाखाली कॅप्शन लिहावी लागते: कोण, कुठे, कधी. तिच्या फोटोखाली मी लिहिलं, ‘घटनास्थळी वाट पाहणारी महिला’. ‘कोण’ रिकामंच राहिलं, कारण मी खाली उतरून विचारलं नव्हतं.

बाकीच्या तेरांत मला ज्याचा अभिमान आहे तो फोटो माणसांचा नाही. तो तुटलेल्या कडेचा आहे. दुपारच्या उन्हात गर्डर, काँक्रीटचा थर आणि वरची फरशी केकच्या कापासारखी स्पष्ट दिसत होती. तो थर किती जाड ते कोणालाही डोळ्यांनी मोजता यावं म्हणून मी शेजारी उभ्या असलेल्या जवानाचा हात फ्रेममध्ये ठेवला. डेस्कवरून फोन आला, “चेहरा पाठव, जवळचा. कडा कोण बघणार?”

रात्री महूहून लष्कराचे जवान आले. एनडीआरएफ होतीच. पंप लावून पाणी उपसत होते, आणि खालचे झरे जिवंत असल्याने ते परत भरत होतं. मोठे एलईडी दिवे लावले होते. इथे आमच्या कामातली एक गोष्ट सांगतो, जी बाहेरच्याला सुचणार नाही. नव्या कॅमेऱ्यांत आवाज न करणारं शटर असतं. अशा जागी तेच वापरावं असं वाटतं. पण एलईडी दिवे डोळ्याला न दिसेल अशा वेगाने लुकलुकत असतात, आणि बिनआवाजी शटर चित्र एकेका ओळीने वाचत असल्याने फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. म्हणून 1/100 वर, आवाजाच्या शटरवरच यावं लागलं. पंप मध्येच बंद करायचे, खालून कोणी हाक मारतंय का ऐकायला. त्या शांततेत माझं शटर गच्चीवरून खाली ऐकू जायचं. जवानांपैकी एकाने वर पाहिलं, बोलला काही नाही. पंप चालू असेल तेव्हाच दाबायचं, हे मी त्यानंतर शिकलो.

दीडच्या सुमारास मी बॅटरी बदलायला खाली जिन्यात आलो. घरी फोन केला, “उशीर होईल, दार लावून घे” एवढंच बोललो. पायरीवर एक माणूस बसला होता, पन्नाशीचा. म्हणाला, “तुम्ही मराठी? मला पण येते, थोडी. शाळेत सगळे मराठी होते.” मग थांबून, “भाऊ, मी आई शोधतोय. दोन हॉस्पिटलं झाली. पोलीस पुढे सोडत नाहीत. तुम्ही वरून बघताय ना सगळं?”

तो कॅमेऱ्याकडे बघत होता. मला कळायला वेळ लागला की त्याला फोटो काढू नका असं म्हणायचं नाहीये. त्याला फोटो बघायचे होते.

स्ट्रेचर वर आलं की चादर टाकायला दोन-तीन सेकंद जायचे. तेवढ्यात माझ्या दोन-तीन फ्रेम व्हायच्या. ते फोटो छापायचे नसतात हे मला ठाऊक असतं, तरी बोट दाबतं. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत आहे, की खासगी दुःखाच्या क्षणांत छायाचित्रणाने घुसखोरी टाळावी, मात्र अपघात किंवा नैसर्गिक आपत्तीतल्या बळींची छायाचित्रं व्यापक जनहितात बसू शकतात. हे वाक्य लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर छापलेला पेपर असणार. जिन्यात बसलेला मुलगा आणि तीन इंचांचा स्क्रीन कोणाच्या मनात आला नसावा.

मी विचारलं, अंगावर काय होतं? हिरवी साडी. हातात? उजव्या हातात एकच सोन्याची बांगडी, दुसरी तिने नातीला दिली होती. मी त्याच्याकडे पाठ करून एकेक फ्रेम मागे नेली. अकराच्या आसपासच्या एका फ्रेममध्ये स्ट्रेचरच्या कडेने लोंबणारा हात होता आणि हिरवा काठ, चिखलाने काळा पडलेला. चेहऱ्यासमोर जवानाचा खांदा. मी फक्त हात मोठा करून त्याला दाखवला.

त्याने स्क्रीन दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ काही बोलला नाही. मग, “बांगडी तीच वाटते. चिखल आहे ना. अजून आहे का?”

पुढच्याच फ्रेममध्ये जवान वळला होता. चेहरा स्वच्छ होता. मी “नाही” म्हणालो.

का म्हणालो याची कारणं मी तेव्हापासून गोळा करतोय. काही तासांनी तो शवागारात तोच चेहरा बघणार होता, मग मी कोणाला कशापासून वाचवलं? आणि खात्री नसल्यामुळे तो लगेच गेलाही नाही, पुन्हा बॅरिकेडशी जाऊन उभा राहिला. पहाटे चारला मी खाली पाहिलं तेव्हा तिथेच होता. माझ्या खोटेपणामुळे एका माणसाने ती रात्र आई खाली जिवंत असेल या आशेवर काढली. त्याला मी दया म्हणू का, मला माहीत नाही.

मध्यप्रदेशातल्या आम्हा फोटोग्राफरांचं एका फोटोशी जन्माचं नातं आहे. 1984 च्या भोपाळच्या वायूकांडानंतर पुरल्या जाणाऱ्या मुलाचा चेहरा, मातीत उघडे डोळे. पाब्लो बार्थोलोम्यू आणि रघु राय दोघांनीही तो टिपला. त्या चेहऱ्याने भोपाळ जगाला विसरू दिलं नाही, आणि त्या मुलाचं नाव आजही कोणाला ठाऊक नाही. पूर्वी मला यातला पहिला भाग मोठा वाटायचा. आता दुसराही तितकाच टोचतो.

सकाळचा पेपर पाहिला. पान एकवर चार कॉलम, पदर तोंडात धरलेली बाई. कॅप्शन: नवऱ्याला गमावलेल्या महिलेचा आक्रोश. माझा रिकामा ‘कोण’ डेस्कने भरून टाकला होता. गर्डरची कडा आतल्या पानावर, पोस्टाच्या तिकिटाएवढी. त्या दुपारपर्यंत शेवटचा मृतदेह निघाला. एकूण 36.

3 एप्रिलला मंदिराचं बांधकाम पाडलं आणि बावडी बुजवली. चार-पाच दिवसांत ती कडा जगातून गेली. फरशीखाली काय होतं ते आता फक्त आमच्यासारख्यांच्या फोटोंत बघता येईल. आक्रोशाचे फोटो तर शंभर निघाले असतील. डेस्कला हे मी आजही ऐकवतो, त्यांना आजही पटत नाही.

महिनाभराने त्या बाईंचं घर शोधत गेलो. माफी मागायला की मन हलकं करायला, ते सोडा. दार त्यांच्या नवऱ्यानेच उघडलं. त्यांना दुपारीच वर काढलं होतं, पाय मोडून ते हॉस्पिटलात होते, आणि पाचला बाईंना ते कळलेलंच नव्हतं. सकाळी पेपर बघून नातेवाईकांचे फोन सुरू झाले. भुसावळहून एक काका पांढरे कपडे घालून निघालेसुद्धा. नवरा कुबडीवर हसत म्हणाला, “मेल्याची बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात. माझी दहा वर्षं तुमच्याकडून.” कात्रण त्याने टीव्हीच्या कपाटाच्या काचेला आतून लावलं होतं.

बाई हसल्या नाहीत. पाण्याचा ग्लास ठेवला आणि विचारलं, “कुठे होतात तुम्ही?”

समोरच्या गच्चीवर, मी म्हणालो.

“मग खाली नाही का आलात?”

खाली आलो होतो, रात्री दीडला, बॅटरी बदलायला. ते मी सांगितलं नाही. 20230330 नावाच्या फोल्डरमध्ये त्या दोन्ही फ्रेम अजून आहेत, हाताची आणि पुढची. जिन्यातल्या माणसाचा नंबर मी घेतला नव्हता.