फ्रिजशेजारचं कॅलेंडर

दुपारी जेवणं झाल्यावर पाणी प्यायला किचनमध्ये गेलो तर फ्रिजशेजारच्या कॅलेंडरवर नजर गेली. बायकोला दहा किलोमीटर पळायचंय म्हणून मी त्यावर प्लॅन लिहून दिलाय, मंगळवार, गुरुवार, रविवार पळणं आणि बाकीच्या चौकोनांत ‘आराम’, तर त्यातल्या काही आरामांवर पेनने काट. म्हणजे बाईसाहेब गुपचूप संभाजी तलावाला जाऊन आल्यात.

आमच्या आईचं कॅलेंडर दुधाच्या खाड्यांचं. गवळी आला नाही की तारखेवर फुली, आणि महिनाअखेरीला पायरीवर बसून एकेका फुलीवरून असा वाद की गल्ली ऐकायची. तेव्हापासून आमच्या घरात खाडा म्हणजे कुणीतरी कुणाला तरी बुडवलं. पळण्यात खाडा हाच पगार आहे, हे बायकोला कितीदा सांगितलं.

सुरुवात साधी होती, एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं अर्धा तास, आणि पळताना शेजारणीबद्दल अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, नाहीतर वेग कमी कर. (हे मात्र तिला पहिल्या दिवसापासून जमलं.) घात झाला दम लागायचा कमी झाल्यावर. दम काही आठवड्यांत सुधारतो पण हाडांना आणि टेंडनना महिने लागतात, त्यामुळे छाती म्हणते पळ आणि नडगी आतल्या आत कुरकुरत असते. त्यात आरामाचे दिवस खाल्ले की हाडाला भरून यायला वेळच मिळत नाही.

मग व्हायचं तेच झालं. नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर वीतभर दुखायला लागलं, सुरुवातीला जास्त, अंग गरम झालं की कमी. आठवडाभर पळणं बंद, नुसतं चालणं, तेही दुखेल इतकं नाही. परत सुरू करताना ती म्हणाली, ‘अहो, मी पाच मिनिटं सलग पळत होते की!’ म्हटलं, होतीस, आता परत एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता रविवारी सहा किलोमीटरपर्यंत गेलीये, दर चौथा आठवडा हलका ठेवतो, आणि आठ जमले की पुरे, उरलेले दोन दहा पळायच्या दिवशी होतात. उन्हाळ्यात मात्र सोलापुरात उजाडायच्या आधी निघायचं, नाहीतर त्या दिवशी सरळ खाडा.

एका गोष्टीत मी ऐकत नाही. दुखणं वीतभर पसरलेलं न राहता एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी आलं, एका पायावर उडी मारताना कळ आली किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकायला लागलं, तर हाडाला बारीक चीर असू शकते. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ती बऱ्याचदा दिसतही नाही, त्यामुळे रिपोर्ट क्लीन आला तरी दुखतंय तोवर बूट मी कपाटाला कुलूप लावून ठेवणार.