दोनशे नव्याण्णव रुपयांचे खरे किती?

"प्रतिस्पर्ध्यांच्या किमती त्यांच्या वेबसाइटवर दिसतातच की, मग एवढा एक तक्ता करायला तुला तीन आठवडे कशाला लागले?"

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर करणाऱ्या एका लहान कंपनीत मी मार्केटिंगची इंटर्न होते आणि खरे सांगायचे तर पहिला तक्ता मी दोनच दिवसांत केला होता. वेबसाइटवर दिसणारे मोठ्या अक्षरांतील आकडे मी जसेच्या तसे रकान्यांत भरले. पहिल्या प्रतिस्पर्ध्याचे २९९ रुपये, दुसऱ्याचे १८,००० रुपये, तिसऱ्याचे 'मोफत' आणि आमचे ८,५०० रुपये. आमच्या विक्री प्रतिनिधीने तो तक्ता हळदीच्या एका अडत्यासमोर ठेवला, तेव्हा त्यांनी कपाटातून दुसऱ्या कंपनीचे जुने बिल काढून दाखवले आणि शांतपणे विचारले, "हे अठरा हजार मी एकदाच भरलेत. तुमचे साडेआठ हजार दरवर्षीचे, होय ना?"

त्या आकड्यांत चुकीचा एकही नव्हता, पण प्रत्येक आकडा वेगळ्याच गोष्टीचा होता. त्यामुळे दुसऱ्या वेळी मी आधी ग्राहक ठरवला: एक पेढी, तीन संगणक, तीन वर्षांचा वापर, जीएसटीसह एकूण खर्च. हे गृहीतक तक्त्याच्या डोक्यावरच लिहिले आणि मग प्रत्येक किंमत त्याच मापाने मोजली.

पहिल्याचे २९९ रुपये दर वापरकर्त्यामागे, दर महिन्याला होते आणि वर्षाचे पैसे एकदम भरल्यासच तो दर लागू होता, हे पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत होते. तीन जणांचे वर्षाचे १०,७६४ रुपये होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी धरल्यास सुमारे १२,७०२ आणि तीन वर्षांचे सुमारे ३८,१०५ रुपये. दुसऱ्याचा परवाना एकदाच घ्यायचा, पण दुसऱ्या वर्षापासून देखभालीचे ३,६०० रुपये. ते न भरल्यास सॉफ्टवेअर चालू राहते, मात्र सुधारित आवृत्ती आणि मदत बंद होते. म्हणजे तीन वर्षांत २५,२०० आणि करासह २९,७३६. तिसऱ्याचे 'मोफत' महिन्याला पन्नास बिलांपर्यंतच होते, आणि हंगामात एवढी बिले आमचा अडत्या एका दिवसात करतो. त्यांची सशुल्क योजना पहिल्या वर्षी ७,५०० आणि नूतनीकरणाला १०,००० रुपये, दोन्ही करासह, म्हणजे तीन वर्षांचे २७,५००. आमचे याच हिशेबाने ३०,०९० झाले. 'मोफत' सोडल्यास सर्वांत स्वस्त दिसणारा सर्वांत महाग ठरला आणि सर्वांत महाग दिसणारा आमच्यापेक्षा ३५४ रुपयांनी स्वस्त. ज्या पेढीला कराचे क्रेडिट मिळते तिच्यासाठी करपूर्व आकडे घेतले तरी हा क्रम बदलत नाही, फक्त सगळे आकडे एकाच पद्धतीचे असले पाहिजेत.

किमतींपेक्षा अधिक वेळ सुविधांनी घेतला. 'शेतकरी पट्टी', म्हणजे शेतकऱ्याला दिला जाणारा विक्रीचा हिशेब, या ओळीसमोर चौघांनाही बरोबरची खूण देता आली असती, कारण प्रत्येकाच्या वेबसाइटवर तो शब्द होता. म्हणून मी खुणा काढून टाकल्या आणि एक ठरावीक सौदा घेतला: एका शेतकऱ्याची वीस पोती हळद, त्यांतील बारा एका खरेदीदाराला आणि आठ दुसऱ्याला, वेगळ्या दराने, वर हमाली आणि तोलाईची कपात. तिसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी दोन पट्ट्या निघत आणि हमालीची बेरीज हाताने करावी लागे. रकान्यात मी तेच वाक्य लिहिले. जे तपासता आले नाही तिथे 'नाही' न लिहिता 'आढळले नाही' लिहिले. विक्री प्रतिनिधी 'नाही' म्हणाला आणि ग्राहकाने मोबाईलवर ती सुविधा उघडून दाखवली, की पुढचे बोलणेच संपते.

माहिती मिळवताना अडत्या असल्याचे सोंग करून फोन करण्याचा मोह मला झाला होता, हे कबूल करते. आमच्या मॅडमनी तो मार्ग बंद केला. चाचणी आवृत्ती घेण्यापूर्वीही तिच्या अटी वाचायला लावल्या, कारण काही कंपन्या स्पर्धकांना ती वापरू देत नाहीत. पहिल्या कंपनीच्या अटींत तसे कलम निघाले, म्हणून मी ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दोन पेढ्यांवर जाऊन, त्यांच्या परवानगीने, शेजारी बसून पाहिले. आठवडा त्यातच गेला.

प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठे आणि कोणत्या तारखेला पाहिला हे लिहिले व त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवला. तिसऱ्या आठवड्यात पहिल्या कंपनीने २९९ चे ३४९ केले, तेव्हा बदलायचा रकाना शोधावा लागला नाही. आमच्या स्वतःच्या रकान्यात मात्र एक 'नाही' उरला होता: इंटरनेट नसताना आमचे सॉफ्टवेअर चालत नाही आणि दुसऱ्याचे चालते. ती ओळ काढावी का, यावर कार्यालयात अर्धा तास वाद झाला. शेवटी ती राहिली, आणि तो अडत्या पुन्हा भेटला तेव्हा त्याने पहिल्यांदा तिच्यावरच बोट ठेवले.