जोडबलकाची अंडी: तलंगांचा पहिला हंगाम आणि केकचं गणित

परसातल्या गिरिराज तलंगा आता अंड्यावर आल्या आहेत. बहुतेक अंडी लहानच, पण मधूनच एखादं लांबोडकं, हाताला जड लागतं. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर धरलं की आत दोन सावल्या दिसतात. पिवळे बलक दोन!

कोंबडीच्या अंडाशयातून साधारण चोवीस ते सव्वीस तासांनी एकच बलक सुटतो. नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगेत संप्रेरकांची लय अजून बसलेली नसते. मग दोन बलक पाठोपाठ सुटतात, अंडनलिकेत एकत्र शिरतात, आणि दोघांभोवती एकच पांढरा बलक व एकच कवच चढतं. वजनदार जातींत हे जास्त दिसतं. शरीर भरण्याआधीच दिवा लावून दिवस लांबवला, तरी प्रमाण वाढतं. म्हणून मी संध्याकाळचा बल्ब लावतच नाही. एवढं मोठं अंडं घालताना लहान कोंबडीचं अंग बाहेर येण्याचा धोका असतो, आणि मला ती भीती खरी वाटते.

आता स्वयंपाकाकडे. जोडबलकाचं एक अंडं म्हणजे दोन अंडी, हा हिशेब चुकतो. परवाचं अंडं ७२ ग्रॅमचं होतं. कवच ८ ग्रॅम, पांढरं ३८ आणि दोन्ही बलक मिळून २६. म्हणजे पिवळं साधारण दीडपट, पण पांढरं साध्या मोठ्या अंड्यापेक्षा थोडंसंच जास्त.

माझ्या स्पंज केकला तीन अंडी लागतात: कवचाशिवाय १५० ग्रॅम, त्यात साधारण १०० पांढरं आणि ५० पिवळं. अशी दोन जोडबलकी अंडी फोडली की पिवळं ५२ होतं, म्हणजे पुरलं. पांढरं मात्र ७६च. कमी पडणारं २४ ग्रॅम पांढरं मी तलंगेच्या लहान अंड्यातून घेते, आणि त्याचा बलक दुसऱ्या दिवशीच्या भुर्जीत जातो. तीन जोडबलकी अंडी तशीच घातली असती, तर पिवळं ७८ ग्रॅम झालं असतं. अंडी फेटताना फेस चढतो तो मुख्यतः पांढऱ्यामुळे. बलकातल्या चरबीने तो दबतो आणि केक घट्ट बसतो.

कॅरॅमल कस्टर्डला मात्र हीच अंडी उत्तम. जादा बलकाने ते मऊ आणि दाट लागतं, फक्त वजन करून दूध त्या मानाने घ्यायचं. मेरिंगसाठी ही अंडी मी वापरत नाही. दोन बलक एकमेकांना चिकटलेले असतात, वेगळे करताना एक फुटतोच, आणि पिवळ्याचा थेंब पडला की पांढरं नीट फेटलं जात नाही.

उकडताना नेहमीपेक्षा दोन मिनिटं जास्त देते. खुडूक कोंबडीखाली ठेवायच्या अंड्यांतून ही आधीच बाजूला काढते, कारण एका कवचात दोन पिल्लांना वाढायला आणि वळायला जागाच नसते.