एक हॉल, दोन वाढदिवस

मी नाशिकमध्ये घरगुती समारंभांचं नियोजन करते. भावंडांचे एकत्र वाढदिवस माझ्याकडे पुष्कळ येतात, पण चार आणि चौदा हे अंतर अवघड असतं. या घरात थोरलीला चौदा पूर्ण होत होती, धाकट्याला चार, आणि दोन तारखांमध्ये जेमतेम आठवडा होता. आईचं म्हणणं होतं, "ताई, थीम एकच ठेवू या, दोघांना चालेल अशी." थोरली शेजारी बसून गप्प ऐकत होती.

चार आणि चौदाला सारखीच आवडेल अशी थीम मला तरी आजवर सापडलेली नाही. अशी थीम म्हणजे बहुतेक वेळा आईवडिलांची आवड असते. म्हणून थोरलीशी मी वेगळं बोलले. तिला कोडी आणि सांकेतिक लिपी यांचं वेड होतं. तिची अट एकच होती. "मैत्रिणींसमोर मला डायनासोरच्या केकशेजारी उभं करू नका, मावशी." धाकट्याला मात्र डायनासोरशिवाय काही सुचत नव्हतं.

मग सजावट एक आणि कार्यक्रम दोन असं ठरवलं. सोसायटीच्या हॉलचं आम्ही डायनासोरचं संग्रहालय केलं. लहानांनी पाच ते सव्वासहा वाळूच्या परातींतून प्लास्टिकची हाडं उकरायची. साडेसातपासून तेच संग्रहालय 'रात्री चोरी झालेलं' असणार होतं आणि मैत्रिणींनी चोर शोधायचा होता. चिठ्ठ्या थोरलीने स्वतः लिहिल्या. एक खूण हाडांच्या क्रमांकांत होती, एक आरशात धरून वाचायची होती. भावाच्या पार्टीत तिला लहानांना सांभाळायला लावायचं नाही, हे मी आईला आधीच सांगितलं. मोठ्या बहिणीला नकळत आया करून टाकतात आणि तिथेच तिचा वाढदिवस संपतो.

लहानांची वेळ त्यांच्या झोपेवरून ठरते. दुपारची झोप होऊन साडेचारला उठलेलं मूल साडेसहापर्यंत छान खेळतं, त्यानंतर चिडचिड सुरू होते. शिवाय चार वर्षांचं मूल एकटं येत नाही. बारा मुलं बोलावली तेव्हा त्यांच्यासोबतची मोठी माणसं आणि भावंडं धरून आम्ही बत्तीस ताटं धरली. मैत्रिणी नऊ, त्या एकट्याच येणार. कमी तिखट पावभाजी आणि छोट्या इडल्या सहा वाजता, पाणीपुरीची गाडी सातनंतर. लहानांच्या ताटात शेंगदाणे आणि पॉपकॉर्न ठेवले नाहीत, घशात अडकतात. फुगे हवेचेच घेतले. गॅसच्या फुग्यांत बरेचदा हायड्रोजन असतो आणि मेणबत्तीजवळ तो पेट घेतो. पेटत्या मेणबत्तीशेजारी फेसाचे स्प्रेही मी मारू देत नाही, त्यातला वायूही ज्वलनशील असतो.

दोन्ही वाढदिवसांना जोडणारा वेळ सव्वासहा ते पावणेसात होता आणि आजींनी त्याचं सोनं केलं. लहानांचे पालक निघाले होते, मैत्रिणी यायच्या होत्या, हॉलमध्ये फक्त घरची माणसं. दोन पाट मांडले, ताम्हणात निरांजन, अक्षता, सुपारी आणि आजींच्या बोटातली अंगठी. आधी थोरलीचं औक्षण, मग धाकट्याचं.

पण धाकट्याने पाचच्या गर्दीत केक कापायला नकार दिला होता. सगळे एकदम टाळ्या वाजवून गाऊ लागले आणि तो टेबलाखाली शिरला. या वयात असं होतंच. मी गाणं थांबवलं, केक बाजूला घेतला आणि वाळूचा खेळ आधी सुरू केला. औक्षणानंतर घरच्या सात-आठ माणसांत त्याने स्वतःच केक मागितला. थोरलीने हळू आवाजात गाणं म्हटलं, त्याने मेणबत्ती तीनदा पेटवून घेतली आणि तीनदा विझवली. तिचा केक वेगळा होता, तो आम्ही तेव्हा आणलाच नाही. समोर आला असता तर त्याला त्यावरच्याही मेणबत्त्या हव्या झाल्या असत्या.

पावणेसातला तो वडिलांबरोबर घरी गेला. पाऊण तासात पराती आवरल्या, दिवे मंद केले, चिठ्ठ्या लपवल्या. मैत्रिणींना आरशाची खूण बराच वेळ सुटेना आणि थोरली हसू दाबत कोपऱ्यात उभी होती. दिवसभरात पहिल्यांदाच मला ती पूर्ण मोकळी दिसली. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणून संगीत साडेनऊला बंद केलं. चोर त्याआधीच सापडला होता.

हिशेब करताना आईने पुढच्या वर्षाचं विचारलं. थोरली म्हणाली, "औक्षण एकत्र, बाकी माझं वेगळ्या दिवशी." आईला ते जरा लागलं. मला मात्र तिची मागणी रास्त वाटली आणि मी तसं आईंना स्पष्ट सांगितलं.