केएस टेस्टने माझे तीन महिने खाल्ले : माझा अनुभव

एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मी केएस म्हणजे कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह चाचणी वापरली होती; नमुन्यातले आकडे एखाद्या सैद्धान्तिक वितरणाशी जुळतात का, ते ती पाहते. तो प्रोजेक्ट दोन वेळा परत आला, आणि दोन्ही वेळा त्यावर लाल शाईत एकच ओळ होती : "चाचणी ग्राह्य नाही." का नाही, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. छाननी समितीची बैठक महिन्यातून एकदा व्हायची, त्यामुळे प्रत्येक परतीचा अर्थ आणखी एक महिना. आज प्रोजेक्ट मंजूर होऊन बरेच दिवस झाले तरी त्या ओळीचा राग गेलेला नाही. चूक माझी होती, हे मला मान्य आहे. पण "सरासरी कुठून आणली?" एवढे तीन शब्द कोणी लिहिले असते तर दोन महिने वाचले असते. म्हणून हे लिहितेय, कारण हीच चूक मी नंतर तीन-चार जणांच्या प्रोजेक्टमध्ये पाहिली.

विषय साधा होता. इचलकरंजीत काकांचे यंत्रमाग आहेत. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवून तो जोडावा लागतो. काका म्हणायचे, "अगं, धागा कधी तुटेल याला काही नेम नसतो." हे म्हणणं खरं असेल, म्हणजे मागचा धागा कधी तुटला याचा पुढच्याशी काही संबंध नसेल आणि तुटण्याचा वेग तोच राहत असेल, तर दोन तुटण्यांमधला वेळ घातांकी वितरणाने चालला पाहिजे. एका मागाजवळ बसून मी असे वीस वेळ नोंदवले. चढत्या क्रमाने मिनिटं अशी आली : ४, ७, ९, १०, १२, १३, १४, १५, १६, १७, १८, २०, २१, २३, २५, २७, ३०, ३५, ४०, ४४. बेरीज ४००, सरासरी बरोबर २० मिनिटं.

नोंदी घेणं, टाईप करणं, आलेख काढणं यात काहीच अडचण आली नाही. एक मात्र आत्ता आठवलं म्हणून सांगते : वेळ मिनिटांऐवजी सेकंदांत नोंदवा. माझ्या नमुन्यात नशिबाने एकही आकडा दोनदा आला नाही, पण पूर्णांक मिनिटांत मोजलं की सारखे आकडे येतातच, आणि ही चाचणी सलग मोजमाप गृहीत धरून बनवलेली आहे.

चाचणीची कल्पना अशी. नमुन्याचा संचयी वक्र जिन्यासारखा असतो, प्रत्येक निरीक्षणाला १/२० म्हणजे ०.०५ इतकी एक पायरी वर. त्यावर सिद्धान्ताचा गुळगुळीत संचयी वक्र काढायचा. २० मिनिटं सरासरीच्या घातांकी वितरणासाठी तो `1 − e^(−x/20)` असा येतो. दोन वक्रांमध्ये जिथे सगळ्यात मोठं उभं अंतर पडतं, ते अंतर म्हणजे डी. कोल्मोगोरोव्ह यांनी १९३३ मध्ये दाखवलं की सिद्धान्ताचा वक्र आधीच पक्का असेल, तर डी किती मोठा येऊ शकतो हे वितरण कोणतं आहे यावर अवलंबून राहत नाही. म्हणून सगळ्यांना एकच तक्ता चालतो. नमुना २० चा असेल तर ५ टक्के पातळीला तक्त्यातली सीमा ०.२९४ आहे.

मी आधी हाताने गणित केलं. ९ मिनिटांपाशी सिद्धान्ताचा वक्र ०.३६२ वर होता. नऊ हे तिसरं निरीक्षण, म्हणून जिना ३/२० म्हणजे ०.१५ वर. फरक ०.२१२, आणि तोच सगळ्यात मोठा. मग पडताळणीसाठी पायथॉनमध्ये हे चालवलं :

```python
import numpy as np
from scipy import stats

x = np.array([4, 7, 9, 10, 12, 13, 14, 15, 16, 17,
              18, 20, 21, 23, 25, 27, 30, 35, 40, 44])
print(stats.kstest(x, "expon", args=(0, x.mean())))
```

उत्तर आलं ०.२६२, आणि पी-व्हॅल्यू ०.१० च्या किंचित वर. पी ०.०५ पेक्षा मोठी, डी ०.२९४ पेक्षा लहान, म्हणजे घातांकी वितरण नाकारायला पुरावा नाही. मी तसंच लिहिलं, हाताचं गणित परिशिष्टात जोडलं आणि प्रोजेक्ट दिला. (`args` मध्ये आधी सुरुवातीचा बिंदू द्यायचा असतो आणि मग सरासरी. नुसतं `(20,)` दिलंत तर वक्र विसाव्या मिनिटापासून सुरू होतो आणि उत्तर पूर्ण चुकतं. मी त्यात एक संध्याकाळ घालवली.)

महिन्याने पहिली लाल ओळ आली. मला वाटलं, हाताचं ०.२१२ आणि सॉफ्टवेअरचं ०.२६२ जुळत नाही म्हणून आक्षेप आहे. त्याचं कारण शोधलं, ते सापडलंही. पायरीला दोन टोकं असतात. नवव्या मिनिटाला जिना ०.१५ वर चढतो, पण त्याच्या अगदी आधीच्या क्षणापर्यंत तो ०.१० वरच असतो, आणि सिद्धान्ताचा वक्र तेव्हा जवळजवळ ०.३६२ पर्यंत पोचलेला असतो. खरं मोठं अंतर तिथे आहे : ०.३६२ वजा ०.१० म्हणजे ०.२६२. प्रत्येक निरीक्षणापाशी पायरीचा वरचा कोपरा आणि खालचा कोपरा दोन्ही तपासावे लागतात. मी फक्त वरचा धरला होता. परिशिष्ट दुरुस्त केलं आणि निश्चिंत मनाने दुसऱ्यांदा दिलं.

पुन्हा तीच ओळ. त्याच शब्दांत.

त्या दिवशी मी ऑफिसबाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून होते. आत विचारलं तर "समितीला विचारा" आणि समिती भेटणार पुढच्या महिन्यात. गाईड सरांना दाखवलं तर ते म्हणाले, "सॉफ्टवेअरने दिलंय ना, मग बरोबरच असणार." सॉफ्टवेअरने खरंच बरोबर दिलं होतं. त्याला जे विचारलं त्याचं ते उत्तर होतं. मी विचारलंच वेगळं होतं.

उलगडा झाला तो पीएच.डी. करणाऱ्या एका ताईमुळे. तिने कागद पाहिला आणि विचारलं, "ही वीस मिनिटांची सरासरी तुला आधीपासून माहीत होती का?"

"नाही, याच वीस नोंदींवरून काढली."

"मग हा तक्ता तुझ्यासाठी नाहीच."

पहिल्यांदा मला पटलं नाही. सरासरी कुठूनही आली तरी डी तर ०.२६२ च राहणार ना? डी तोच राहतो, हे खरं आहे. बदलते ती सीमा. नमुन्यावरून सरासरी काढली की सिद्धान्ताचा वक्र आपण त्या नमुन्याच्या जवळ ओढून आणतो. नमुन्यातले वेळ योगायोगाने सगळेच थोडे मोठे आले तर वक्रही त्यांच्यामागे सरकतो आणि तेवढं अंतर आपोआप मिटतं. माप घेऊन शिवलेला शर्ट अंगाला बसणारच, तसं. त्यामुळे गृहीतक खरं असताना अंतरं तक्ता सांगतो त्यापेक्षा लहानच येतात. अशा वेळी ०.२६२ एवढं अंतर उरलं, तर ते तक्त्यावरून दिसतं त्याहून बरंच मोठं मानायला हवं. माझी ०.१० ची पी-व्हॅल्यू फुगलेली होती, आणि अशी चाचणी न जुळणाऱ्या वितरणालाही सहज पास करते.

ह्युबर्ट लिलिफोर्स यांनी यासाठी वेगळे तक्ते काढले, १९६७ मध्ये नॉर्मल वितरणासाठी आणि १९६९ मध्ये घातांकी वितरणासाठी. घातांकी, सरासरी नमुन्यातूनच, नमुना २० : ५ टक्क्यांची सीमा ०.२३४. माझा ०.२६२ त्याच्या वर. म्हणजे निकालच उलटा. (नॉर्मलसाठी सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही नमुन्यातून काढली तर वीसच्या नमुन्याला सीमा आणखी खाली, सुमारे ०.१९ वर येते. घातांकीचा तक्ता नॉर्मलला किंवा उलट लावू नका.) आणि मघाचं ०.२१२ आठवतंय? खालचा कोपरा विसरले असते तर बरोबर तक्ता वापरूनही मी चुकीच्याच निकालावर गेले असते.

तक्त्यावर नुसता विश्वास ठेवायची माझी तयारी उरली नव्हती, म्हणून स्वतः करून पाहिलं. खऱ्या घातांकी वितरणातून वीस आकडे काढायचे, त्यांचीच सरासरी वापरून डी काढायचा, आणि हे दहा हजार वेळा करायचं :

```python
rng = np.random.default_rng(1)
d = []
for _ in range(10000):
    y = rng.exponential(1.0, 20)
    d.append(stats.kstest(y / y.mean(), "expon").statistic)
print(np.mean(np.array(d) >= 0.262))
```

०.२६२ किंवा त्याहून मोठं अंतर शंभरात साधारण दोनदाच येतं. ०.१० कुठे आणि ०.०२ कुठे! ते उत्तर स्क्रीनवर उमटलं तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच काकांना फोन केला. तुमच्या वितरणासाठी तक्ता सापडला नाही तरी ही रीत चालते. फक्त प्रत्येक फेरीत सरासरी नव्याने काढायची, ती पायरी वगळली की पुन्हा जुनाच तक्ता हाती येतो.

काकांनी आधीच, मी नोंदी घेण्यापूर्वी, जुन्या वहीवरून "सरासरी वीस मिनिटं" सांगितलं असतं, तर तोच डी, तोच ०.२९४ चा तक्ता, आणि नाकारायला पुरावा नाही हाच निकाल योग्य ठरला असता. म्हणून सरासरीचा आकडा कुठून आला ते प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर लिहा.

निकाल उलटल्यावर मग आकडे नीट पाहिले. वीस मिनिटं सरासरी असेल तर ३९ टक्के वेळ दहा मिनिटांच्या आत यायला हवेत, म्हणजे वीसपैकी जवळजवळ आठ. माझ्याकडे दहाचा आकडा धरूनही चारच होते. पलीकडे ४४ च्या वर एकही नाही, खरं तर दोनेक अपेक्षित होते. धागे नेम नसल्यासारखे तुटत नव्हते, त्यांच्यात एक प्रकारची नियमितता होती. हे कशामुळे, ते ही चाचणी सांगत नाही. ती फक्त वक्र जुळत नाही आणि कुठे जुळत नाही एवढं दाखवते. शिवाय एका मागाच्या एका दिवसाच्या वीस नोंदींवरून सगळ्या मागांबद्दल बोलता येत नाही, तेही मी लिहिलं.

तिसऱ्या वेळी लाल शाई नव्हती. सही आणि तारीख होती. काकांना निकाल सांगितला तर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग एकदा सायझिंगवाल्याकडे जाऊन ते बीम बघून येऊ." सायझिंग म्हणजे ताण्याच्या धाग्याला खळ लावणं, आणि बीम म्हणजे तो ताणा गुंडाळलेला रूळ. पुढच्या रविवारी आम्ही जाणार आहोत, आणि या वेळी स्टॉपवॉच सेकंदांवर लावणार आहे.